रीऑर्डर लेव्हल लावूनही तेच आयटम पुन्हा पुन्हा का संपतात? लीड टाइम आणि मागणीच्या चढउतारावरून नेमका हिशेब

लक्षण ओळखीचे आहे. टॅलीत प्रत्येक आयटमपुढे रीऑर्डर लेव्हल भरलेली असते, शिल्लक तिथवर आली की ऑर्डरही जाते, तरी ठरावीक चार-पाच आयटम महिन्या-दीड महिन्याला संपतातच. वैतागून त्यांची लेव्हल दुप्पट केली जाते, आणि त्या ओघात शेजारच्या दहा आयटमचीही वाढवली जाते. सहा महिन्यांनी रॅकवर न हलणारी खोकी दिसतात आणि हवा तो माल मात्र नेमका त्याच दिवशी नसतो.

दुप्पट करणे हा उपाय नाही, कारण चूक आकड्याच्या लहान-मोठेपणात नसून तो काढण्याच्या पद्धतीत असते. खाली एकच आयटम घेऊन सगळा हिशेब केला आहे. दुकान जालन्यातले, पंप-मोटारीच्या सुट्या भागांचे; गिऱ्हाईक अंबड, भोकरदन, परतूर, बदनापूर भागातले शेतकरी आणि रिवाइंडिंगवाले; माल पुण्याच्या डीलरकडून ट्रान्सपोर्टने येतो. आयटम आहे ६२०३ नंबरचे बेअरिंग, लहान मोटारींत आणि मोनोब्लॉकमध्ये सर्रास लागणारे. आकडे उदाहरणाचे आहेत; तुमचे घालून तोच हिशेब करायचा.

आधी दोन शब्द ठरवून घेऊ. ऑर्डर देण्याची वेळ झाल्यापासून माल रॅकवर लागेपर्यंतचा काळ म्हणजे लीड टाइम. त्या काळात सरासरीने जेवढा खप होतो, त्यावर चढउतारासाठी ठेवलेला जादा माल म्हणजे सेफ्टी स्टॉक. तो सरासरी खप आणि सेफ्टी स्टॉक यांची बेरीज म्हणजे रीऑर्डर पॉइंट. टॅलीतल्या रीऑर्डर लेव्हलच्या रकान्यात हाच आकडा भरायचा असतो.

जुना आकडा कसा आलेला असतो

या दुकानात ६२०३ची लेव्हल ३० होती. विचारले तर कारण सरळ होते: आठवड्याला वीस-पंचवीस नग जातात, डीलर म्हणतो सात दिवसांत माल पोचतो, म्हणून एका आठवड्याचा खप आणि वर पाच-सहा नग. ऐकायला ठीक वाटते, पण यात तीन गोष्टी तपासलेल्याच नाहीत. खप खरोखर किती आहे, माल खरोखर किती दिवसांत येतो, आणि हे दोन्ही आकडे किती हलतात.

खपाचे आकडे: संपलेला आठवडा म्हणजे खप नसलेला आठवडा नव्हे

सेल्स रजिस्टरमधून बारा आठवड्यांची विक्री काढली. ती अशी निघाली: १८, २५, १४, ३०, २२, ०, ९, २७, ३५, २०, २५, २४.

मधले ० आणि ९ पाहा. त्या आठवड्यांत मागणी नव्हती असे नाही, माल नव्हता. गिऱ्हाईक आले, विचारले आणि शेजारच्या दुकानात गेले. विक्रीच्या नोंदीत हे दिसत नाही, म्हणून विक्रीलाच मागणी समजून सरासरी काढली तर ती २०.७५ येते. ते दोन आठवडे वगळले तर सरासरी २४ होते. म्हणजे आठवड्याला सव्वातीन नगांची मागणी कागदावरून गायब झाली होती. हे चक्र स्वतःलाच पोसते: माल संपतो, विक्री कमी दिसते, म्हणून लेव्हल कमी ठरते, म्हणून माल पुन्हा संपतो.

दुसरा परिणाम उलट्या दिशेचा आहे आणि तो पटकन लक्षात येत नाही. सरासरीपासून आठवड्याचा आकडा साधारण किती दूर जातो, हे प्रमाण विचलन सांगते. ते दोन आठवडे ठेवले तर विचलन ९.५ येते, वगळले तर ६. म्हणजे तुटवडा आकड्यांत तसाच राहिला की सरासरी खोटी कमी आणि चढउतार खोटा जास्त दिसतो. कधी कधी या दोन चुका एकमेकींना झाकतात आणि लेव्हल योगायोगाने बरी निघते. त्यावर विसंबू नका, पुढच्या आयटमला ती तशी निघणार नाही.

आठवडाभर माल नसेल तर तो आठवडा वगळा. एखादाच दिवस नसेल तर परत गेलेल्या गिऱ्हाइकांचे नग त्यात मिळवा. त्यासाठी काउंटरवर ‘नाही दिलेला माल’ अशी एक वही ठेवावी लागते: तारीख, आयटम, नग, बस. उलट बाजूने, एखाद्या ठेकेदाराने एकदाच शंभर नग नेले असतील आणि तो परत येणार नसेल, तर ते बिल आकड्यांतून काढून टाका. तशा मागणीसाठी माल साठवायचा नसतो, त्याची वेगळी ऑर्डर टाकायची असते.

लीड टाइम: डीलर सांगतो तो नव्हे, बिल्टीवरचाही नव्हे

इथेच सगळ्यात मोठी गल्लत होते. डीलरचे सात दिवस म्हणजे त्याच्याकडून माल निघून जालन्याच्या ट्रान्सपोर्ट गोदामात उतरेपर्यंतचे दिवस. तुमचे घड्याळ मात्र त्याच्या आधी सुरू होते आणि नंतर थांबते. शिल्लक लेव्हलवर आली त्या दिवसापासून मोजा. ती कोणाच्या लक्षात यायला दोन दिवस गेले, बाकीच्या आयटमबरोबर एकत्र ऑर्डर टाकू म्हणून आणखी दोन थांबले, पार्सल गोदामातून आणायला एक दिवस, खोके फोडून नग मोजून एंट्री करायला आणखी एक. हे सगळे दिवस लीड टाइममध्येच येतात, कारण त्या काळातही बेअरिंग विकली जातच असतात.

असे धरून मागच्या आठ खरेदींचे दिवस निघाले: ७, ८, १२, ७, १४, ९, १७, १०. सरासरी साडेदहा दिवस, म्हणजे दीड आठवडा. विचलन सुमारे ३.६ दिवस, म्हणजे ०.५१ आठवडा.

त्यातले १७ दिवस ‘अपवाद’ म्हणून खोडायचा मोह होतो. डीलरकडेच माल नव्हता म्हणून उशीर झाला असेल तर खोडू नका. तसे पुन्हा होणार आहे. कारण परत घडणे शक्यच नसेल, तरच काढा. आणि डीलरने ७२ पैकी ४० नग आधी आणि ३२ नंतर पाठवले असतील, तर मोठा भाग ज्या दिवशी आला ती तारीख धरा, पण शेरा लिहून ठेवा. असे वारंवार होत असेल तर उरलेले नग येण्याची तारीख धरलेली बरी.

सूत्र आणि एक्सेल

B रकान्यात आठवड्याची मागणी (B2 ते B11), C रकान्यात लीड टाइमचे दिवस (C2 ते C9). मग:

```
E1: =AVERAGE(B2:B11)
E2: =STDEV.S(B2:B11)
E3: =AVERAGE(C2:C9)/7
E4: =STDEV.S(C2:C9)/7
E5: =NORM.S.INV(0.95)
E6: =E5*SQRT(E3*E2^2+E1^2*E4^2)
E7: =ROUNDUP(E1*E3+E6,0)
```

E3 आणि E4 मध्ये सातने भागले आहे ते विसरायचे नाही. मागणी आठवड्याची असेल तर लीड टाइमही आठवड्यांतच हवा. मागणी दिवसाची आणि लीड टाइम आठवड्याचा, अशी सरमिसळ झाली की आकडा हास्यास्पद येतो आणि मग सूत्रालाच दोष दिला जातो. दिवसांत काम करायचे असेल तर आणखी एक खाच आहे: दुकान आठवड्यातून सहा दिवस उघडे असेल आणि दिवसाची मागणी सहाने भागून काढली असेल, तर लीड टाइममधूनही सुट्टीचे दिवस वजा करावे लागतात. आठवड्यावर काम केले की ही कटकटच राहत नाही.

आता वर्गमुळाच्या आतले दोन भाग वेगळे करून पाहा. पहिला भाग मागणीच्या चढउताराचा: दीड गुणिले ६ चा वर्ग, म्हणजे ५४. दुसरा भाग लीड टाइमच्या चढउताराचा: २४ चा वर्ग गुणिले ०.५१ चा वर्ग, म्हणजे सुमारे १५०. बेरीज साधारण २०५, तिचे वर्गमूळ १४.३. याला E5 मधून येणाऱ्या १.६४५ ने गुणले की सेफ्टी स्टॉक २३.६, म्हणजे २४ नग. लीड टाइममधला सरासरी खप ३६. रीऑर्डर पॉइंट ६०.

जुनी लेव्हल ३० होती. माल यायला लागणाऱ्या काळात सरासरीनेच ३६ नग जातात, म्हणजे सगळे सुरळीत चालले तरी माल पोचायच्या आत रॅक रिकामा होणार. याच आकड्यांवर मोजले तर तीन खेपांपैकी साधारण दोन खेपांना माल संपायलाच हवा. दुकानदार एका खेपेला ७२ नग मागवतो, ते तीन आठवडे पुरतात. तीनातून दोनदा संपणे म्हणजे दर साडेचार आठवड्यांनी एकदा. ‘महिन्या-दीड महिन्याला संपते’ ही तक्रार तिथूनच आली.

पुष्कळ जण सूत्राचा फक्त पहिला भाग वापरतात, कारण इंटरनेटवर तोच जास्त सापडतो. त्याने सेफ्टी स्टॉक १२.१ येतो आणि लेव्हल ४९. इथे खरा गोंधळ लीड टाइमचा आहे, १५० विरुद्ध ५४, आणि तोच त्यात गळतो. म्हणून E6 मधले दोन भाग वेगळे पाहायची सवय लावा. पैसा कुठे वाचेल ते त्यातूनच कळते. पार्सल आले त्याच दिवशी गोदामातून उचलले आणि लेव्हल गाठताच ऑर्डर टाकली, तर समजा लीड टाइमचे विचलन ३.६ दिवसांवरून दीड दिवसावर आले. सरासरी तीच धरली तरी सेफ्टी स्टॉक २४ वरून १५ होतो आणि लेव्हल ५१. या एका आयटममागे नऊ नगांचे भांडवल मोकळे होते, तेही डीलरशी भावाची घासाघीस न करता.

९५ टक्के म्हणजे काय

E5 मधला 0.95 म्हणजे ‘शंभरातल्या ९५ गिऱ्हाइकांना माल मिळेल’ असे नव्हे. शंभर खेपांपैकी ९५ खेपांत नवा माल येईपर्यंत जुना संपणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. हाच खप वर्षभर धरला तर या बेअरिंगच्या साधारण सतरा खेपा होतात, म्हणजे वर्षातून एखाद्या वेळी तुटवडा पडेल, आणि तोही थोड्याच नगांचा. बेअरिंगसारख्या आयटमला हे पुरे आहे. ०.९८ घातले तर लेव्हल ६६ होते, सहा नग जास्त. जो भाग नसला की मोटार बंद आणि गिऱ्हाईक दुकानच बदलते, त्याला ०.९८ घाला. ज्याच्या जागी दुसऱ्या कंपनीचा भाग चालतो, त्याला ०.९० पुष्कळ, तिथे लेव्हल ५५. सगळ्या आयटमना सरसकट ०.९९ घालणे म्हणजे पुन्हा ‘दुप्पट करा’ याच मार्गावर जाणे.

आकडा बरोबर, तरी माल संपतो किंवा डबल येतो

लेव्हल ६० केल्यावर नवी तक्रार येते: एकदा ऑर्डर टाकली, माल रस्त्यात आहे, तरी रिपोर्ट रोज कमतरता दाखवतो आणि कोणीतरी दुसरी ऑर्डर टाकतो. कारण लेव्हलची तुलना फक्त रॅकवरच्या मालाशी होत असते. ती करायची असते हातातला माल अधिक रस्त्यातला माल वजा गिऱ्हाइकाला कबूल केलेला माल, या आकड्याशी. टॅलीचा Reorder Status रिपोर्ट ही वजाबाकी स्वतः करतो, पण त्यासाठी परचेस ऑर्डरचे व्हाउचर भरलेले असावे लागते. डीलरला व्हॉट्सॲपवर यादी पाठवली आणि व्हाउचर भरलेच नाही, तर टॅलीला तो माल दिसणार कसा?

दुसरे कारण ऑर्डरच्या वाराचे. बरीच दुकाने ऑर्डर फक्त सोमवारी टाकतात. शिल्लक मंगळवारी ६० च्या खाली गेली तर सहा दिवस कोणी पाहत नाही. अशा दुकानात रीऑर्डर पॉइंटची पद्धतच बदलायला हवी. लीड टाइममध्ये तो एक आठवडा मिळवा, म्हणजे दीडऐवजी अडीच आठवडे. सरासरी खप ६०, वर्गमुळाच्या आत ९० अधिक १५०, सेफ्टी स्टॉक २६, एकूण ८६. दर सोमवारी हातातला आणि रस्त्यातला माल मोजायचा आणि ८६ ला जितके कमी पडतात तितके नग मागवायचे. मात्र आठ खरेदींच्या दिवसांत सोमवारची वाट पाहणे आधीच मोजले गेले असेल तर ते पुन्हा मिळवू नका. तेव्हा लीड टाइम ऑर्डर टाकल्या दिवसापासून मोजा.

तिसरे, रिवाइंडिंगवाला दहा नगांचे खोकेच उचलतो. शिल्लक ६१ वरून एकदम ५१ होते, ६० चा टप्पा मध्येच ओलांडला जातो. अशी मोठी बिले नेहमीची असतील तर त्यांच्या निम्मे नग, इथे पाच, लेव्हलमध्ये वाढवले की काम भागते.

आणि हे काहीच लागू होत नसेल तर रॅक मोजा. टॅलीत २२ आणि खोक्यात ९ असतील तर कोणतेही सूत्र चालणार नाही.

हंगाम

वरचे दहा आठवडे रब्बीचे आहेत. पावसाळ्यात बंद पडून राहिलेल्या मोटारी ऑक्टोबरमध्ये सुरू होतात, गहू-हरभऱ्याला पाणी सुरू होते, आणि बेअरिंगची मागणी एकदम चढते. पावसाळ्यात हाच आयटम समजा आठवड्याला १० जातो, विचलन ४. तोच लीड टाइम धरला तर लेव्हल २७ येते. एका आयटमला दोन लेव्हल लागतात, ६० आणि २७. वर्षभराची एकच सरासरी काढली तर रब्बीत माल कमी पडतो, पावसाळ्यात पडून राहतो. शिवाय हंगामातला चढ हा चढउतार म्हणून सूत्रात घुसतो आणि सेफ्टी स्टॉक फुगवतो, म्हणून दोन हंगामांचे आठवडे एकाच रकान्यात घालू नका. बदल लागू करायचा तो हंगाम सुरू व्हायच्या आधी, निदान सर्वांत लांब लीड टाइमइतका आधी. म्हणजे रब्बीची लेव्हल सप्टेंबरच्या मध्यालाच चढवायची.

दिवाळीत ट्रान्सपोर्ट बंद असते ते दिवस विचलनात मिसळू नका. तो उशीर आधीच माहीत असतो. त्या खेपेपुरते तेवढ्या दिवसांचे नग सरळ वाढवा.

सूत्राची एक मर्यादा इथे उघडी पडते. ते मागणी आणि लीड टाइम एकमेकांवर अवलंबून नाहीत असे धरते. पण रब्बीत जालन्यात बेअरिंग जास्त जातात तेव्हा बीड, परभणी, लातूरलाही जातात, आणि डीलरकडचा माल त्याच वेळी आटतो. मागणी वाढते तेव्हाच माल उशिरा येतो, आणि ६० चा आकडा थोडा तोकडा पडतो. याला गणिती उपाय आहे, पण त्यापेक्षा हंगामाची पहिली मोठी खेप सप्टेंबरमध्येच उचलणे स्वस्त पडते.

महिन्याला एखादाच जाणारा आयटम

मोठ्या मोटारीचे बेअरिंग किंवा एखादी स्टार्टरची कॉइल महिन्याला एकच जाते. तिथे वरचे सूत्र वापरू नका. ते घंटेच्या आकाराचा आलेख धरून चालते आणि इथे बहुतेक आठवडे शून्य असतात. दीड आठवड्यात सरासरी ०.३५ नग, एवढेच काढा आणि हे तपासा:

```
=POISSON.DIST(1,0.35,TRUE)
```

उत्तर ०.९५ येते. म्हणजे लीड टाइममध्ये एकापेक्षा जास्त नग लागण्याची शक्यता पाच टक्केच. लेव्हल १ ठेवा: शेवटचा एक नग उरला की दुसरा मागवा.

नवी लेव्हल बरोबर बसली का

दर खेप रॅकवर लावण्याआधी जुने किती नग उरले होते ते लिहा. सहा-सात खेपांनंतर त्यांची सरासरी सेफ्टी स्टॉकच्या, म्हणजे २४ च्या आसपास यायला हवी. कधी ५ उरतील, कधी ४५, ते ठीक आहे. जवळपास निम्म्या खेपांत शिल्लक २४ च्या खाली जाणारच. सेफ्टी स्टॉकला हात लागला म्हणून घाबरून लेव्हल वाढवणारे तिथे चुकतात. सरासरीच सतत ४० च्या वर राहत असेल तर लीड टाइम सुधारला आहे किंवा खप घटला आहे, B आणि C रकाने नव्याने भरा. सतत १० च्या खाली असेल तर आधी लीड टाइमची वही पाहा. बहुतेक वेळा डीलर बदललेला नसतो, गोदामातून पार्सल आणणारा बदललेला असतो.